बारा वाक्यांचा निरोप

"अरे, हे फोनवर बोलले असते, पण बोलताना मी गडबडते आणि नको त्याला हो म्हणून बसते, म्हणून लिहायले. आपण इथं थांबावं असं मी ठरवलंय. या दोन महिन्यांत तू सेलूवरून यायचास, आपण फिरायचो, बोलायचो, त्यातलं काही मी उगी म्हणून केलं नाही, मला ते आवडायचं. पण तुझ्या मनात जी ओढ आहे ती माझ्या मनात आली नाही. येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही. तुझं यात काही चुकलं नाही, आणि तू वेगळं वागला असतास तरी हेच झालं असतं. दिवाळीत तू घरी सांगणार होतास, म्हणून त्याच्या आधी सांगायले. यापुढं मी स्वतःहून फोन-मेसेज करणार नाही. राग म्हणून नाही, मी बोलत राहिले तर तुला वाटेल अजून काही आहे, आणि तसं नाही. तुला काही विचारायचं असेल तर एकदा विचार, खरं ते सांगीन. तुझी दोन पुस्तकं माझ्याकडं आहेत, ती स्टेशनसमोर तुझ्या मित्राच्या दुकानात सोमवारी ठेवते."

परभणीत राहणाऱ्या एका मुलीनं सेलूच्या एका मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला हा निरोप. ज्याला तो आला त्यानंच, तिला विचारून, मला तो वाचायला दिला. देताना तो एवढंच म्हणाला की, मला आजवर आलेलं हे सगळ्यात नीट लिहिलेलं पत्र आहे. नकार ज्याच्या वाट्याला आला त्याची ही दाद आहे, म्हणून तिचं मोल मला फार वाटतं. मी हा मजकूर एखादी कविता वाचावी तसा वाचला, एकेक वाक्य थांबून, काही वाक्यं काढून पाहून, काहींची जागा बदलून पाहून. त्या वाचनात जे हाती लागलं ते इथं मांडतो.

सुरुवात 'अरे'नं होते. नाव नाही, 'प्रिय' नाही, 'हाय' नाही. दोन महिने ती ज्या शब्दानं त्याला हाक मारत असेल त्याच शब्दानं ती याही वेळी हाक मारते. नातं संपवताना भाषा एकदम औपचारिक करणं हा एक सर्रास दिसणारा प्रकार आहे. कालपर्यंत 'अरे ऐक ना' म्हणणारी व्यक्ती अचानक छापील मराठीत लिहू लागते आणि वाचणाऱ्याला पहिल्याच शब्दावर परकं करून टाकते. इथं तसं होत नाही. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईनं विठोबाला अरे-तुरे करून खडे बोल सुनावले आहेत. कठीण गोष्ट जवळच्या शब्दांत सांगायची रीत या मातीला नवी नाही. 'लिहायले', 'सांगायले' ही क्रियापदंही तशीच घरातली आहेत. पुण्याच्या वाचकाला ती क्षणभर अडखळवतील, पण परभणी-सेलूच्या माणसाला त्यांत समोरच्याचा आवाज ऐकू येतो. बाकीचा मजकूर बराचसा लेखी वळणाचा असूनही ही दोन क्रियापदं तिनं सुधारली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पहिल्याच वाक्यात ती लिहिण्याचं कारणही सांगते. बोलताना मी नको त्याला हो म्हणून बसते. ही कबुली साधी आहे, पण ती एका प्रश्नाला आधीच उत्तर देते. 'समोर येऊन सांगायची हिंमत नव्हती का?' हा तो प्रश्न. प्रत्यक्ष भेटून सांगणं अधिक सभ्य, असं आपण सहज म्हणतो. दोन वर्षांच्या नात्यात ते खरंही आहे. पण इथली परिस्थिती पाहा. तो सेलूहून गाडीनं येणार, मानवत रोड मागं टाकून परभणीला उतरणार, भेटीच्या आनंदात असणार. मग कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर किंवा एखाद्या हॉटेलच्या टेबलावर, जिथं चार ओळखीचे चेहरे हमखास असतात, तिथं त्याला हे ऐकावं लागणार. चेहरा सांभाळायचा, चहा संपवायचा आणि त्याच गाडीच्या मार्गानं परत जायचं. छोट्या गावात एकांत मिळत नाही आणि रडायला जागा नसते. निरोप लिहून पाठवल्यामुळं त्याला तो आपल्या खोलीत, दार लावून वाचता आला. शिवाय तो एकाच तुकड्यात आला. हेच बारा वाक्यांऐवजी बारा मेसेज असते, तर पहिल्या 'तुला एक सांगायचंय' नंतर 'टाइप करत आहे' या अक्षरांकडं पाहत बसण्याची शिक्षा त्याला भोगावी लागली असती.

आता दुसरं वाक्य. "आपण इथं थांबावं असं मी ठरवलंय." निर्णय दुसऱ्याच वाक्यात येतो. माझ्या वाचनात असे जे निरोप आले, त्यांत हे वाक्य बहुधा सातवं-आठवं असतं. आधी कौतुक, मग आठवणी, मग 'तू खूप चांगला आहेस', आणि मग 'पण'. वाचणारा मूर्ख नसतो. पहिल्या स्तुतीलाच त्याला पुढच्या 'पण'चा वास येतो आणि मधली सगळी वाक्यं तो न वाचता ओलांडतो. त्यातली खरी वाक्यंही वाया जातात. मी हे वाक्य उचलून सहाव्या जागी ठेवून पाहिलं. लगेच 'मला ते आवडायचं' हे वाक्य लाच दिल्यासारखं दिसू लागलं. मूळ जागी मात्र, निर्णय कळून गेल्यावर ते वाक्य येतं, तेव्हा त्यातून तिला काही साधायचं उरलेलं नसतं. म्हणून ते खरं वाटतं. शब्द तेच, फक्त क्रम वेगळा, आणि अर्थ उलटा होतो.

पण या निरोपाचं खरं सामर्थ्य मला त्याच्या कर्त्यांमध्ये दिसतं. व्याकरणातला कर्ता म्हणतोय मी. निर्णयाच्या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे. मी ठरवलंय. 'मला असं वाटतंय की बहुतेक आपलं जमणार नाही' यात ठरवणारं कुणीच नसतं. जणू पाऊस पडला नाही तसं ते आपोआप घडलं. ती तसं लिहीत नाही. याउलट भावनेच्या वाक्यात तिनं कर्ता माणूस ठेवलेलाच नाही. "तुझ्या मनात जी ओढ आहे ती माझ्या मनात आली नाही." ओढ येते किंवा येत नाही. ती आणणारं कुणी नसतं, अडवणारंही कुणी नसतं. मराठीत आपण राग येतो, आठवण येते, कंटाळा येतो असंच म्हणतो, आणि तिनं भाषेच्या या सोयीचा अगदी नेमका उपयोग केला आहे. जे तिच्या हातात होतं त्याची जबाबदारी 'मी'वर घेतली आणि जे कुणाच्याच हातात नव्हतं ते कुणावरही टाकलं नाही.

बहुतेक दुखावणाऱ्या निरोपांत हे नेमकं उलटं असतं. निर्णयाला कर्ता नसतो आणि भावनेला असतो. 'हे पुढं जाणं शक्य दिसत नाही' असं म्हणून निर्णय निनावी केला जातो, आणि 'तू फार चिकटतोस', 'तू मला समजूनच घेतलं नाहीस' असं म्हणून ओढ न येण्याचा दोष समोरच्याच्या माथी मारला जातो. अशा निरोपानं माणूस दोनदा अडकतो. नकार कुणी दिला ते कळत नाही, म्हणून भांडता येत नाही. आणि दोष आपला आहे असं कळतं, म्हणून आपल्याला सुधारण्याचे प्रयत्न सुरू होतात. ती मात्र लिहिते, "तू वेगळं वागला असतास तरी हेच झालं असतं." सगळ्या निरोपात 'असतं'चा खरा खेळ या एकाच वाक्यात आहे. एरवी असं वाक्य आशेचं दार किलकिलं ठेवतं, 'तू परभणीतच असतास तर', 'आधी भेटलो असतो तर'. इथं त्याच रचनेनं ते दार लावलं आहे. त्या रात्री तो जे जे प्रसंग आठवून स्वतःला दोष देणार होता, ते सगळे तिनं एका वाक्यात निकामी केले. यातलं फक्त पहिलं अर्धं ठेवून पाहिलं, 'तुझं यात काही चुकलं नाही', तर ते गुळमुळीत शिष्टाचाराचं वाक्य होतं. कुणीही म्हणतं ते. दुसऱ्या अर्ध्यानं पहिल्याला वजन आलं.

"येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही." या दोन वाक्यांवर मी बराच रेंगाळलो. पहिल्या वाक्यात तिनं दिलेली संधी आहे, आणि ती संधी तिनं त्याला नाही, स्वतःच्या मनाला दिली होती. दुसरं वाक्य दोन शब्दांचं आहे, निरोपातलं सगळ्यात लहान. 'पण दुर्दैवानं', 'खूप प्रयत्न करूनही' असं काही त्याला चिकटवलेलं नाही. ही दोन वाक्यं 'येईल म्हणून वाट पाहिली, पण आली नाही' अशी जोडली असती, तर वाचताना एक उतार तयार झाला असता आणि शेवटचे शब्द त्या उतारावरून निसटून गेले असते. पूर्णविरामानं ते जागेवर उभे राहतात. हा स्पष्टपणा कठोर आहे का? मला तसं वाटत नाही, कारण कठोर व्हायला समोरच्याविषयी काही बोलावं लागतं आणि इथं ती फक्त स्वतःविषयी बोलते आहे.

तिनं जे लिहिलं नाही तेही पाहायला हवं. आपल्याकडं स्थळ नाकारण्याची जुनी, मान्य भाषा आहे. मुलगी बघून गेल्यावर 'कळवतो' म्हणायचं आणि कळवायचं नाही, किंवा 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप मध्यस्थाकरवी धाडायचा. त्या व्यवस्थेत हे खोटं चालून जायचं, कारण ते खोटं आहे हे दोन्ही घरांना ठाऊक असायचं आणि कुणाचा अपमान होत नसे. आता दोघं स्वतः भेटतात, मध्ये कुणी मध्यस्थ नाही, तेव्हा पत्रिकेची जागा दुसऱ्या एका सबबीनं घेतली आहे. 'घरच्यांना चालणार नाही.' मराठवाड्यात ही सबब कुणालाही पटेल, कारण ती असंख्य वेळा खरी असते. जात, शेती, नोकरी, सोयरीक, कशावरही अडू शकतं. तिनंही ते लिहिलं असतं तर त्यानं एका शब्दानं शंका घेतली नसती. पण मग त्यानं काय केलं असतं? घरच्यांना पटवायच्या मागं लागला असता. मामांना मध्ये घातलं असतं, वर्षभर थांबायची तयारी दाखवली असती. खोट्या कारणाचा हाच तोटा असतो. समोरचा माणूस ते कारण दूर करायला निघतो आणि त्या धडपडीत त्याचे कित्येक महिने जातात. खरं कारण ऐकायला अधिक जड, पण त्यावर करण्यासारखं काही नसतं, आणि म्हणूनच ते ऐकल्यावर माणूस थांबू शकतो.

याहून विचित्र एक वाट आहे, आणि ती चांगल्या हेतूनं निवडली जाते. डेन्मार्कचा तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्द यानं 1841 मध्ये रेगिन ओल्सेन हिच्याशी ठरलेलं लग्न मोडलं. ऑगस्टमध्ये एका पत्रासोबत अंगठी परत पाठवली, पण ती ऐकेना, तेव्हा त्यानं दोन महिने मुद्दाम बेपर्वा, निष्ठुर माणसाचं सोंग घेतलं. तिला आपला तिटकारा यावा आणि तिची सुटका व्हावी, असा त्याचा हिशेब होता. आपल्या जुन्या चित्रपटांतला नायकही नायिकेनं विसरावं म्हणून दारूडा असल्याचं नाटक करतो. त्याग म्हणून हे पाहायला भारी वाटतं. पण ज्या व्यक्तीसाठी हे केलं तिच्या हाती काय उरतं? आपण ज्याच्यावर जीव लावला तो माणूस मुळात वाईटच होता, असं मागचं सगळं खोटं करणारं ओझं. ऑक्टोबरमध्ये ते लग्न अखेर मोडलं, आणि पुढं 1845 मध्ये किर्केगार्दनं अंगठीसोबतचं ते पत्र आपल्या एका पुस्तकात जसंच्या तसं छापलं. परभणीच्या मुलीचं तिसरं वाक्य या पार्श्वभूमीवर वाचावं. "त्यातलं काही मी उगी म्हणून केलं नाही." पुढचं थांबवताना तिनं मागचं खोटं ठरवलं नाही. त्याचे दोन महिने त्याच्याकडं शाबूत राहिले.

दिवाळीचं वाक्य वरवर पाहता माहितीचं आहे, पण त्यात सगळ्या निरोपाची वेळ ठरलेली दिसते. दिवाळीत मुलगा घरी बोलला असता की ती गोष्ट दोघांची राहिली नसती. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईची बोलणी सुरू होतात. तोवर आई बहिणीला सांगते, ती नणंदेला सांगते, मुलीकडच्या घराची चौकशी सुरू होते. त्यानंतर आलेला नकार मुलापुरता उरत नाही, तो घराच्या अब्रूचा होतो आणि त्याला वर्षभर नातेवाइकांना उत्तरं देत बसावं लागतं. तिनं हे सगळं वर्णन केलेलं नाही. 'त्याच्या आधी सांगायले' एवढंच. पण त्या मुलाला या वाक्याचा पुरा अर्थ कळला असणार. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा निरोप उद्या कुणाच्या हाती पडला, कुणी पुढं पाठवला, तरी त्यात त्याची मान खाली जाईल असं एक अक्षर नाही. तिचीही नाही. छोट्या गावात लिहिताना हे भान ठेवावं लागतं.

मला एक दोष दिसतो, तो सांगायलाच हवा. "आपण इथं थांबावं" यातला 'आपण' बरोबर नाही. थांबायचं तिला होतं. त्याला नव्हतं. 'मी ठरवलंय' म्हणून तिनं निर्णय स्वतःकडं घेतला हे खरं, पण त्याच वाक्यात तिनं त्याला नकळत आपल्या बाजूला ओढलं. 'मी इथं थांबायचं ठरवलंय' हे अधिक खरं झालं असतं. दहावं वाक्य मात्र मला आधी दोषाचं वाटलं आणि नंतर पटलं. "मी बोलत राहिले तर तुला वाटेल अजून काही आहे." यात थोडा मोठेपणा आहे का, त्याच्या मनात काय येईल हे ती कोण सांगणार? पण शेवटचे तीन शब्द वाचल्यावर तो आक्षेप गळून पडतो. "आणि तसं नाही." तिला त्याचं मन ओळखायचं नव्हतं, मैत्री म्हणून बोलत राहण्यातला धोका सांगायचा होता. 'आपण चांगले मित्र राहू' हे वाक्य ती लिहीत नाही. कारण त्यातली मैत्री बहुधा नकार देणाऱ्याच्या सोयीची असते, आणि दुसरा ती मैत्री म्हणून न घेता शिल्लक म्हणून घेतो.

मग ती एका प्रश्नाची मुभा देते. इथं अनेकजण म्हणतील की हे दार पुन्हा उघडणं झालं. मला तसं वाटत नाही, कारण 'एकदा' हा शब्द तिथं आहे. ज्याला अचानक निरोप मिळतो त्याच्या मनात एखादा प्रश्न अडकून बसतो आणि उत्तर मिळेपर्यंत तो माणूस हलू शकत नाही. तेवढी वाट तिनं ठेवली आणि तिची रुंदीही ठरवून दिली. अर्थात ही मुभा दरवेळी देता येणार नाही. समोरचा माणूस धमकावणारा असेल, पाळत ठेवणारा असेल, तर हे वाक्य निरोपात ठेवू नये. तिथं प्रश्न एकावर थांबत नाहीत. तिला त्याची पारख होती, म्हणून तिनं ते ठेवलं.

शेवट पुस्तकांवर होतो. सोफी काल या फ्रेंच कलावतीला तिच्या प्रियकराचा नातं संपवणारा ईमेल आला होता. तिनं तो 107 स्त्रियांना वाचायला दिला, त्यांत न्यायाधीश होती, मुद्रितशोधक होती, बंदुकीची नेमबाजही होती. प्रत्येकीनं तो आपल्या व्यवसायाच्या नजरेनं वाचला, आणि त्या वाचनांचं प्रदर्शन 2007 मध्ये व्हेनिसच्या कला-महोत्सवात मांडलं गेलं. प्रदर्शनाचं नाव त्या ईमेलच्या शेवटच्या शब्दांवरून घेतलेलं होतं. 'काळजी घे' अशा अर्थाचे ते शब्द. निरोपाच्या शेवटी ते सहज येतात. पण ज्यानं काळजी घेणं नुकतंच सोडलं आहे त्यानं ते म्हणावं, यात काहीतरी खटकतं. आपल्या मुलीनं आशीर्वाद दिला नाही, 'तुला खूप छान मुलगी मिळेल' असंही म्हटलं नाही. तिनं दोन पुस्तकं, दुकान आणि सोमवार एवढं लिहिलं. पुस्तकं परत घ्यायचं निमित्त करून भेट मागता येते, हे तिला ठाऊक असणार. तिनं ते निमित्त ठेवलं नाही. आणि त्याच्या वस्तू नीट परत जातील याची व्यवस्था करून, 'काळजी' हा शब्द न वापरता, जेवढी उरली होती तेवढी घेतली.

त्यानं तो एक प्रश्न विचारला. "तुला कधी कळलं?"

तिचं उत्तर असं आलं. "दसऱ्याला. तू सोनं दिलंस तेव्हा तुला किती आनंद झालाय ते मला दिसलं, आणि माझ्या मनात तसं काही नाही हे पण दिसलं. त्यानंतरचे दिवस मी खात्री करायला घेतले."

'कधी' या प्रश्नात एक आरोप दडलेला असतो, 'म्हणजे तू मला किती दिवस फसवत होतीस?' तिनं तो ओळखला आणि तारीख दिली, मागं-पुढं न करता. दसरा ते दिवाळी म्हणजे जेमतेम तीन आठवडे. त्यातले काही दिवस तिनं गप्प राहून काढले, हे त्यातून उघड होतं, आणि ते लपवता आलं असतं. 'हल्लीच कळलं' म्हणून भागलं असतं. खरं ते सांगीन असं तिनं अकराव्या वाक्यात लिहिलं होतं, आणि पहिल्याच प्रश्नाला तिनं स्वतःला गैरसोयीचं असलेलं खरं सांगितलं. त्या उत्तरावर त्यानं पुढं काही विचारलं नाही.